गरम केलेला शिळा भात का बाधतो?

रात्री उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचा, ही आपल्याकडची घरोघरची रीत आहे. मौदा, भंडारा, गोंदिया हा तर धानाचाच मुलूख. येथे दोन्ही वेळा भात रांधला जातो आणि दोन्ही वेळा थोडाफार उरतोही. भात शिळा असला तरी कढईत चांगला परतला, त्यातून वाफा निघू लागल्या, की तो निर्धोक झाला असे आपण समजतो. या समजुतीच्या मागे एक साधा तर्क असतो: उष्णतेने जंतू मरतात आणि जंतू मेले की धोका संपला.

या तर्काचा पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा भाग मात्र नेहमीच खरा नसतो. वाफाळता भात खाऊन तासा-दोन तासांत माणसाला उलट्या व्हाव्यात आणि त्या भातात जिवंत जंतू जवळजवळ नसावेत, असेही घडते. ते कसे, हे या लेखात पाहू. त्यासाठी थोडे जीवशास्त्र लागेल. पण कोड्याची खरी किल्ली उष्णतेच्या धड्यात सापडते, हे तुमच्या लक्षात येईल.

लंडनमधील परतलेला भात

इंग्लंडमध्ये १९७१ पासून एका विशिष्ट तऱ्हेच्या अन्नविषबाधेच्या बातम्या एकामागून एक येऊ लागल्या. चिनी उपाहारगृहांतला परतलेला भात खाल्ल्यावर थोड्याच तासांत लोकांना मळमळ आणि उलट्या होत. ताप नसे, आणि बहुतेक जण एका दिवसात बरे होत. उरलेल्या भाताची आणि रोग्यांच्या उलटीची तपासणी केली, तेव्हा दोन्हींत एकच जिवाणू मोठ्या संख्येने सापडला. त्याचे नाव बॅसिलस सेरियस.

हा जिवाणू काही नवा नव्हता. ग्रेस आणि पर्सी फ्रँकलंड या दांपत्याने १८८७ मध्येच गोठ्यातील हवेतून तो वेगळा काढला होता. प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्याच्या वसाहती मेणासारख्या दिसतात म्हणून त्याला ‘सेरियस’, म्हणजे मेणचट, हे लॅटिन नाव मिळाले. तो मातीत सर्वत्र असतो. धानाच्या बांधीतली माती दाण्यांना लागते, मळणी होते, धान कांडले जाते, आणि त्याचे थोडे अंश तांदळाबरोबर आपल्या स्वयंपाकघरात येतात. तांदूळ कितीही स्वच्छ निवडला व धुतला, तरी ते पूर्णपणे जात नाहीत.

मग त्या उपाहारगृहांतच असे काय घडत होते? तेथील स्वयंपाकाची पद्धत पाहिल्यावर उलगडा झाला. मोठ्या भांड्यात एकदम खूप भात शिजवला जाई. तो निथळून, मोकळा होण्यासाठी स्वयंपाकघरातच ठेवला जाई, कित्येकदा रात्रभर. शीतपेटीत ठेवला तर भाताची शिते एकमेकांना चिकटतात आणि परतताना मोकळी होत नाहीत, म्हणून आचारी ते टाळत. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले की हा भात फेटलेल्या अंड्याबरोबर मिनिटभर तव्यावर परतून गरमागरम वाढला जाई. गिल्बर्ट, स्ट्रिंगर आणि पीस या तिघांनी १९७४ मध्ये या पद्धतीचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. भात शिजवल्यावरही या जिवाणूचे बीजाणू टिकून राहतात आणि ३० ते ३७ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवलेल्या भातात ते सर्वांत वेगाने वाढतात, असे त्यांना आढळले.

हे वाचताना तुमच्या मनात एक गोष्ट आलीच असेल. मिनिटभर परतलेला हा भात आणि आपला फोडणीचा भात यांत पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. उलट, आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही घरातले तापमान ३० अंशांच्या वर असते. लंडनच्या स्वयंपाकघरात भट्टीमुळे जी ऊब मिळे, ती आपल्याकडे फुकट मिळते.

पहिले कोडे: उकळत्या पाण्यातून जिवाणू वाचतो कसा?

भात शिजताना त्याचे तापमान शंभर अंशांच्या जवळ असते. वाढीला लागलेला कोणताही सामान्य जिवाणू या तापमानाला काही क्षणांत मरतो. याचे कारण त्याच्या शरीरातील प्रथिने. प्रथिनाचा रेणू म्हणजे एक लांब साखळी असते, आणि ती विशिष्ट तऱ्हेने घड्या घालून गुंडाळलेली असते. या घड्या ज्या बंधांनी धरून ठेवलेल्या असतात ते फार दुबळे असतात. उष्णता वाढली की ते सुटतात, घड्या उलगडतात आणि प्रथिन निकामी होते. अंडे उकडल्यावर त्यातला पातळ पांढरा भाग घट्ट होतो, तो याच कारणाने.

परंतु बॅसिलस सेरियस हा संकटकाळी रूप बदलणारा जिवाणू आहे. अन्न संपले, की तो आपल्या पेशीच्या आतच एक छोटी, जाड कवचाची गोळी तयार करतो. हाच बीजाणू. बीजाणूच्या गाभ्यातून बहुतेक पाणी काढून टाकलेले असते आणि त्या जागी कॅल्शियमचा एक क्षार भरलेला असतो. प्रथिनाच्या घड्या उलगडायला आजूबाजूला पाणी लागते. गाभाच कोरडा असेल, तर तेच तापमान प्रथिनाचे फारसे बिघडवू शकत नाही. म्हणून बीजाणू खात नाही, वाढत नाही, पण उकळी सोसतो. सगळेच बीजाणू वाचतात असे नाही. दहापैकी नऊ बीजाणू मरायला ९५ अंशांना किती वेळ लागतो हे पाहिले, तर काही वाणांना दोनएक मिनिटे पुरतात आणि काहींना अर्ध्या तासाहूनही अधिक वेळ लागतो. भात शिजायला वीस मिनिटे लागतात. तेव्हा काही बीजाणू उरणारच, असे धरून चालावे.

यात एक गमतीचा उलटा परिणाम आहे. भात शिजताना बीजाणूंचे सर्व प्रतिस्पर्धी जिवाणू मरतात. वर तांदळातला स्टार्च फुगून मऊ होतो आणि पाणीही भरपूर मिळते. उष्णतेच्या चटक्याने झोपलेले बीजाणू जागे होण्यास मदतच होते. म्हणजे भात निवू लागला की त्यांच्यासाठी मोकळे रान, तयार अन्न आणि ऊब, असे सारे एकदम जुळून येते.

दुसरे कोडे: जिवाणू मेला, विष का मरत नाही?

जागे झालेले जिवाणू भातात वाढतात आणि त्यांतले काही वाण वाढताना एक विष तयार करून भातात सोडतात. या विषाला सेर्यूलाइड म्हणतात. ते कोणत्या रचनेचे आहे हे जपानी संशोधकांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत शोधून काढले. सकाळी भात परतला म्हणजे वाढीला लागलेले जिवाणू खरोखरच मरतात. पण रात्रभरात त्यांनी केलेले काम तसेच राहते. चोर पकडला म्हणून विकून खाल्लेला माल परत येत नाही, तसेच हे.

आता येथे उष्णतेचा मूळ प्रश्न येतो. प्रथिने उकळीने बिघडतात, मग हे विष का बिघडत नाही? कारण ते घडी घातलेले प्रथिनच नव्हे. ते बारा छोट्या घटकांचे एक कडे आहे. हे बारा घटक एकमेकांना मजबूत रासायनिक बंधांनी, म्हणजे सहसंयुजी बंधांनी, जोडलेले असतात. प्रथिन म्हणजे घडी घातलेले धोतर मानले, तर सेर्यूलाइड म्हणजे सोनाराने सांधलेली बांगडी. धोतराची घडी झटक्यात मोडते. बांगडीला मोडायला घडीच नसते, तिचा सांधाच तोडावा लागतो.

आणि सांधा तोडण्याइतकी ऊर्जा उकळत्या पाण्यात नसते. हे थोडे गणिताने पाहू. रेणूंच्या हालचालीची सरासरी ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असते. खोलीतले तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन. उकळते पाणी १०० अंश सेल्सिअस, म्हणजे ३७३ केल्विन. ३७३ ला ३०० ने भागा. उत्तर येते सुमारे १·२४. म्हणजे आपल्या हाताला जो फरक प्रचंड वाटतो, तो रेणूच्या दृष्टीने केवळ चोवीस टक्क्यांची वाढ आहे. दुबळ्या बंधांनी धरलेल्या घड्या तेवढ्यानेही कोसळतात, कारण त्या मुळातच काठावर उभ्या असतात. सहसंयुजी बंधांवर मात्र एवढ्याने ओरखडाही उठत नाही. प्रयोगशाळेत हे विष १२१ अंशांना दीड तास ठेवले, तरी त्याचा विषारीपणा कायम राहिलेला आढळला आहे. आपल्या घरचा प्रेशर कुकर शिट्टी देतो तेव्हा आतले तापमान १२० अंशांच्या आसपास असते. तेव्हा शिळा भात कुकरमध्ये घालून तीन शिट्ट्या दिल्या, तरी विषाचा प्रश्न सुटत नाही.

पोटात गेल्यावर

सेर्यूलाइडच्या कड्याच्या मध्यभागी पोटॅशियमचा आयन नेमका मावेल एवढी पोकळी असते. पोटॅशियम पोकळीत बसवून हे कडे पेशीच्या आतल्या पडद्यांमधून आरपार जाते आणि तेथील विद्युतभाराचा तोल बिघडवते. हा त्याचा एक परिणाम. उलटी होण्याचे कारण जरा निराळे आहे. जठर आणि आतड्यांपासून मेंदूकडे जाणारी एक मोठी मज्जा असते. तिचे नाव व्हेगस. हे विष तिला उद्दीपित करते आणि मेंदूतील उलटीचे केंद्र चाळवले जाते.

हे सिद्ध करताना शास्त्रज्ञांपुढे एक अडचण होती. प्रयोगशाळेतले नेहमीचे प्राणी म्हणजे उंदीर. आणि उंदराला उलटी करता येत नाही. १९७० नंतरच्या दशकात त्यासाठी माकडे वापरली गेली. पुढे जपानी संशोधकांना एक फार सोयीचा प्राणी सापडला. तो तुम्ही घरात पुष्कळदा पाहिला असेल: चिचुंद्री. ती उंदरासारखी दिसते, पण उंदीर नव्हे. आणि तिला उलटी होते. चिचुंद्रीला सेर्यूलाइड दिले की ती ओके. तिची व्हेगस मज्जा आधीच कापली असेल, तर मात्र उलटी होत नसे. यावरून विषाचा मार्ग निश्चित झाला.

विष भातातच तयार असल्याने त्याला पोटात जाऊन वाढण्यासाठी वेळ लागत नाही. म्हणून अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही उलट्या सुरू होतात. या वेळेवरूनच डॉक्टरांना पहिला अंदाज येतो. याच जिवाणूमुळे दुसऱ्या प्रकारची बाधाही होते. नॉर्वेमधील स्टायनर हाउगे यांनी ओस्लोच्या रुग्णालयांतील सुमारे ६०० जणांच्या बाधेचा अभ्यास केला. त्यात दोष व्हॅनिलाच्या गोड रश्शाचा होता. खात्री करण्यासाठी हाउगे यांनी हा जिवाणू वाढवलेला २०० मिलिलिटर रस्सा स्वतः प्याला. त्यांना पोटदुखी व जुलाब सुरू झाले, पण सुमारे तेरा तासांनी. येथे विष आतड्यात गेल्यावर तयार होते, आणि ते घडी घातलेले प्रथिन असल्याने उष्णतेने बिघडते. एकाच जिवाणूची दोन विषे. एक उकळीने मरते, दुसरे मरत नाही. भाताच्या बाबतीत गाठ पडते ती बहुधा न मरणाऱ्याशी.

समजा, मौद्यात लग्न आहे

आता हे सारे एका उदाहरणात बसवू. उदाहरण काल्पनिक आहे, आकडे मात्र विचारपूर्वक घेतले आहेत.

मे महिना. मौद्यात एका घरी लग्न. रात्री आठ वाजता शेवटचा घाण उतरला: पंधरा-वीस किलो तांदळाचा भात, एका मोठ्या गंजात. गंजाचा व्यास ४० सेंटिमीटर आणि भाताची उंचीही ४० सेंटिमीटर. पाहुणे अपेक्षेपेक्षा कमी आले आणि हा गंज तसाच, झाकण घालून, मांडवात राहिला. सकाळी साडेआठला त्याचा फोडणीचा भात करून मुक्कामी पाहुण्यांना नाश्ता म्हणून वाढला.

या गंजातला भात रात्रभरात किती निवेल? भातात पाण्यासारखे अभिसरण होत नाही, कारण शिते आणि त्यांतले पाणी जागच्या जागी असते. आतली उष्णता वहनानेच, शितामागून शीत, बाहेर यावी लागते. वहनाचा एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे: उष्णतेला जेवढे अंतर कापायचे असते, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. अंतर दुप्पट तर वेळ चौपट. पाच सेंटिमीटर जाडीचा थर दोन्ही बाजूंनी निवत असेल, तर मध्यापासून पृष्ठभाग अडीच सेंटिमीटरवर असतो, आणि आतली उष्णता बाहेर पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो. गंजाच्या मध्यापासून कड वीस सेंटिमीटरवर आहे, म्हणजे आठपट दूर. आठाचा वर्ग चौसष्ट. अर्ध्या तासाचे बत्तीस तास होतात! प्रत्यक्षात गंज सर्व बाजूंनी निवतो, म्हणून एवढा वेळ लागत नाही. ते धरून हिशेब केला, तरी मधला भात ६० अंशांवर यायला पंधराएक तास लागतात.

म्हणजे सकाळी गंजात हात घातला तर मधला भात चांगला गरम लागेल आणि आचारी म्हणेल, “भात तर अजून गरमच आहे, खराब कशाने होईल?” त्याचे म्हणणे मध्यापुरते बरोबर आहे. साठ अंशांच्या वर हा जिवाणू वाढत नाही. पण कडेजवळचा काही बोटे जाडीचा थर रात्री लौकरच चाळीस अंशांच्या खाली आला. बाहेरची हवा तिशीची आणि आतून सतत येणारी ऊब, यांच्या मध्ये तो थर रात्रभर पस्तीस-चाळीसवर राहिला. जिवाणूंसाठी जणू उबवणीचे यंत्रच. आतल्या उष्णतेनेच बाहेरच्या थरातील जिवाणू वाढवले.

आता त्या थरातला हिशेब. शिजल्यानंतर दर ग्रॅम भातात दहा बीजाणू उरले असे धरू. दहा म्हणजे काहीच नव्हे. एवढे खाऊन कोणालाही काही होत नाही. बीजाणू जागे होऊन वाढीला लागायला साडेदहा वाजले असे समजा. त्यानंतर जिवाणूंची संख्या दर अर्ध्या तासाला दुप्पट होते असे धरू. या तापमानाला हा वेग अवास्तव नाही. साडेदहापासून साडेआठपर्यंत दहा तास, म्हणजे वीस वेळा दुप्पट. दोनाचा विसावा घात १०,४८,५७६. दहाला याने गुणले की दर ग्रॅममागे सुमारे एक कोटी जिवाणू होतात. बाधा झालेल्या अन्नात सामान्यतः दर ग्रॅमला एक लाखापासून पुढे जिवाणू सापडतात. तेव्हा ती मर्यादा पहाटेच ओलांडली गेली होती. या जिवाणूंचा वाण सेर्यूलाइड करणारा असेल, तर साडेआठपर्यंत विषही जमलेले असेल. सगळेच वाण ते करत नाहीत; म्हणूनच शिळा भात खाणारा प्रत्येक जण आजारी पडत नाही, आणि म्हणूनच आपण बेफिकीर होतो.

साडेआठला फोडणी बसली. सारा गंज कालवून कढयांत परतला. कडेचा भात मधल्या भातात मिसळला. एक कोटी जिवाणू मेले. विष जसेच्या तसे ताटात आले. भाताला आंबूस वास नाही, चव बिघडलेली नाही, कारण या विषाला वास वा चव नसते. दहा-साडेदहाच्या सुमारास पहिल्या पाहुण्याला मळमळू लागले.

या प्रसंगात तपासणी करणाऱ्यालाही चकवा बसू शकतो. फोडणीच्या भाताचा नमुना नेला आणि त्यातील जिवंत जिवाणू मोजले, तर संख्या थोडीच येईल. “भातात दोष नाही” असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल. अशा वेळी गंजात उरलेला, न परतलेला भात तपासावा लागतो, किंवा विषच शोधावे लागते. दुसराही एक घोटाळा होतो. माणसाच्या हातावरच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात जाणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणूही उष्णता सोसणारे विष करतो, आणि त्याच्याही उलट्या काही तासांतच सुरू होतात. नुसत्या लक्षणांवरून दोघांत निवाडा करता येत नाही.

उलट्या सहसा चोवीस तासांत थांबतात. तोवर साखर-मिठाचे पाणी किंवा जलसंजीवनी घोटाघोटाने देत राहावे. क्वचित हे प्रकरण फार गंभीर होते. २००८ मध्ये ब्रुसेल्समध्ये वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस स्वयंपाकघरात उघड्यावर राहिलेल्या शेवयांसारख्या स्पगेटी गरम करून खाल्ल्या आणि त्याच रात्री तो दगावला. विषाने त्याच्या यकृतावर घाला घातला होता. म्हणून उलट्या थांबत नसतील, रोगी गुंगत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, किंवा रोगी लहान मूल असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

मग उपाय कोठे आहे?

तो परत गरम करण्यात नाही, हे आपण पाहिले. बीजाणू तांदळात येणारच, तेव्हा तो तांदूळ निवडण्यातही नाही. उरतो तो मधला काळ: भात साठ अंशांच्या खाली आल्यापासून थंड होईपर्यंतचा. वाढायचा भात साठ अंशांच्या वर गरम ठेवावा. ठेवायचा भात दोन तासांच्या आत निववून शीतपेटीत घालावा. १९७४ च्या त्या अभ्यासाचाही सल्ला हाच होता, शिवाय एकदम मोठा घाण न काढता थोडा थोडा भात शिजवावा असाही होता.

निववण्यासाठी जाडी कमी करणे हे मुख्य काम. गंजातला भात दोन-तीन स्वच्छ परातींत बोटभर जाडीने पसरला, की अंतराचा वर्ग आपल्या बाजूने काम करू लागतो. शिवाय उघड्या पृष्ठभागावरून वाफ निघून जाताना उष्णता नेते. मौद्याच्या औष्णिक वीज केंद्रातही गरम पाणी थंड करायचे असते तेव्हा ते साठवून ठेवत नाहीत. मनोऱ्यातून ते बारीक थेंबांनी पसरवून हवेत सोडतात. तत्त्व तेच. गरम गंज तसाच शीतपेटीत घातला, तर त्याचा मध्य तासन् तास कोमट राहतो आणि पेटीतले इतर पदार्थही तापतात.

घरी शीतपेटी नसेल तर? लहान पातेलीतला भात तास-दोन तासांत निवतो हे खरे, पण तो मे महिन्यात तीस-बत्तीस अंशांवर येऊन थांबतो आणि तेथेच रात्र काढतो. हा धोका परातीने टळत नाही. तेव्हा उन्हाळ्यात लागेल तेवढाच रांधावा, हा जुन्या बायकांचा हिशेब शास्त्राला धरूनच आहे. रात्री भातात पाणी घालून सकाळी तो आंबूस झालेला भात खाण्याची चाल आहे, तिच्यातही थोडे तथ्य आहे. भात आंबला की त्यात आम्ल तयार होते आणि आम्लात बॅसिलस सेरियसची वाढ मंदावते. परंतु आंबण्याची क्रिया आधी जोर धरते की हा जिवाणू, यावर सारे अवलंबून असते. आणि एकदा झालेले विष आम्लानेही नष्ट होत नाही.

करून पाहा

निवण्याचा नियम तुम्हाला शाळेत पडताळता येईल, आणि त्यासाठी भात वाया घालवण्याचे कारण नाही. तक्ते चिकटवण्यासाठी करतात तशी कणकेची घट्ट खळ दोन लिटर शिजवा. एक लिटर उभ्या डब्यात ओता आणि एक लिटर परातीत पसरा. दोन्हींच्या मध्यभागी तापमापक ठेवून दर दहा मिनिटांनी तापमान लिहा. उभ्या अक्षावर तापमान व आडव्या अक्षावर वेळ घेऊन दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा आणि ६० अंशांवर व ४० अंशांवर आडव्या रेघा मारा.

आता प्रत्येक वक्र या दोन रेघांमध्ये किती मिनिटे राहतो ते मोजा. डब्याच्या कडेशी तिसरा तापमापक ठेवता आला तर अधिकच बरे. मध्य साठच्या वर असताना कड किती आहे ते तुम्हाला दिसेल. परातीचा वेळ नियमाप्रमाणे येतो का, की थोडा अधिक येतो? अधिक आला, तर उष्णता खळीच्या आत अडते की खळीबाहेरच्या हवेत, याचा विचार करा. नंतर वर्गावर पंखा लावून तोच प्रयोग पुन्हा करा, उत्तर मिळेल.